तीन गुणांचे उत्तर: ऑक्सिजन चुंबकाकडे का ओढला जातो?

प्रश्न नेहमीचाच होता: «रेणू-कक्षक सिद्धांताच्या आधारे ऑक्सिजन रेणूचे समचुंबकत्व स्पष्ट करा.» त्यासाठी तीन गुण होते आणि उत्तरपत्रिकेत आठ-नऊ ओळींची जागा होती. ज्या उत्तराचा येथे अभ्यास करायचा आहे, ते वर्गातल्या एका हुशार विद्यार्थिनीचे आहे. त्यातले प्रत्येक वाक्य सुटे वाचले तर खरे ठरते आणि शेवटचा निष्कर्षही बरोबर आहे. तरीही मी त्याला तीनपैकी एकच गुण दिला. ती उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा तिचा प्रश्न सरळ होता: «मॅडम, निष्कर्ष तर बरोबर आहे ना?» निष्कर्ष बरोबर असूनही कारण चुकलेले असणे म्हणजे नेमके काय, हे या उत्तरातून जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दिसते, म्हणून ते येथे सविस्तर मांडत आहे.

तिचे उत्तर असे होते:

«ऑक्सिजनचा अणुक्रमांक 8 असून त्याची इलेक्ट्रॉन रचना 1s² 2s² 2p⁴ अशी आहे. 2p मध्ये चार इलेक्ट्रॉन असल्यामुळे हुंड यांच्या नियमानुसार त्यांपैकी दोन अयुग्मित राहतात. O₂ रेणूमध्ये एकूण 16 इलेक्ट्रॉन असतात व ते रेणू-कक्षकांमध्ये भरले जातात. बंधक्रम = (10 − 6)/2 = 2. म्हणून दोन अयुग्मित इलेक्ट्रॉनांमुळे ऑक्सिजन समचुंबकीय असतो.»

घाईत वाचणाऱ्या परीक्षकाच्या नजरेतून हे उत्तर सुटूही शकेल, कारण अपेक्षित शब्द सगळे त्यात आहेत: हुंड यांचा नियम आहे, 16 इलेक्ट्रॉन आहेत, बंधक्रम 2 आहे आणि दोन अयुग्मित इलेक्ट्रॉनही आहेत. परंतु «म्हणून» या शब्दावर बोट ठेवून मागे जायला लागलो की ते दोन अयुग्मित इलेक्ट्रॉन कुठून आले, याचे उत्तर तिच्या दुसऱ्या वाक्यात सापडते, आणि ते वाक्य रेणूविषयी नसून सुट्या अणूविषयी आहे. रेणू-कक्षकांचा उल्लेख तिसऱ्या वाक्यात येतो खरा, पण निष्कर्षापर्यंत पोहोचण्यासाठी त्याचा उपयोग कुठेच केलेला नाही. तिसरे आणि चौथे वाक्य खोडून टाकले तरी तिचा युक्तिवाद जसाच्या तसा उभा राहतो. ज्या सिद्धांताच्या आधारे स्पष्टीकरण मागितले होते, तोच सिद्धांत खोडला तरी उत्तराला धक्का लागत नसेल, तर ते त्या सिद्धांताचे उत्तर नव्हे.

मी तिला दोन गोष्टी करून पाहायला सांगितल्या. पहिली म्हणजे साधी मोजणी. प्रत्येक ऑक्सिजन अणूवर दोन अयुग्मित इलेक्ट्रॉन असतील, तर दोन अणूंवर मिळून चार होतात. मग रेणूत चार अयुग्मित इलेक्ट्रॉन का नाहीत? चारांपैकी दोघांची जोडी जुळली असे म्हणायचे, तर दोघांचीच का, चौघांची का नाही? अणूतला «दोन» हा आकडा आणि रेणूतला «दोन» हा आकडा सारखे असणे हा निव्वळ योगायोग आहे, आणि तिच्या उत्तराचा सारा डोलारा याच योगायोगावर उभा होता.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. मी तिला म्हटले, «अगं, हेच उत्तर जसेच्या तसे नायट्रोजनसाठी लिहून बघ.» तिने तिथेच कागदावर लिहायला सुरुवात केली: नायट्रोजनचा अणुक्रमांक 7, रचना 1s² 2s² 2p³, हुंड यांच्या नियमानुसार तीन इलेक्ट्रॉन अयुग्मित, म्हणून नायट्रोजन समचुंबकीय. इथे ती थांबली, कारण N₂ समचुंबकीय नाही हे तिला ठाऊक होते. नायट्रोजन रेणूतले सर्व इलेक्ट्रॉन जोडीने असतात आणि तो चुंबकीय क्षेत्रातून अगदी किंचित बाहेर ढकलला जातो, म्हणजेच तो प्रतिचुंबकीय असतो. जी रीत नायट्रोजनला चुकीचे उत्तर देते, तिने ऑक्सिजनला बरोबर उत्तर दिले तरी ती रीत बरोबर ठरत नाही. ऑक्सिजनपेक्षा अधिक अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेल्या अणूचा रेणू चुंबकाला दाद देत नाही आणि ऑक्सिजनचा रेणू मात्र देतो, यावरूनच हा गुणधर्म अणूचा नसून अणू एकत्र येऊन तयार झालेल्या रचनेचा आहे हे स्पष्ट होते.

हा प्रश्न परीक्षेत वारंवार का विचारला जातो, हे येथे थोडे सांगायला हवे, कारण उत्तरात नेमके काय अपेक्षित आहे ते त्यावरूनच कळते. ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातच माहीत झाली होती. मायकेल फॅरडे यांनी वायूंच्या चुंबकीय वर्तनाचा अभ्यास करताना ती पाहिली होती, आणि 1891 मध्ये जेम्स ड्यूअर यांनी द्रवरूप ऑक्सिजन विद्युतचुंबकाच्या ध्रुवांकडे खेचला जातो हे दाखवून दिले. आजही हा प्रयोग दाखवला जातो: सुमारे −183 °से. इतक्या थंड असलेला फिकट निळा द्रव बळकट चुंबकाच्या दोन ध्रुवांमधल्या फटीत ओतला, तर तो खाली न सांडता तिथेच पुलासारखा अडकून राहतो आणि उकळून नाहीसा होईपर्यंत तसाच लोंबत राहतो. द्रवरूप नायट्रोजन त्याच फटीतून सरळ खाली वाहून जातो.

आता या निरीक्षणाशेजारी वर्गात शिकवलेली लुईस रचना ठेवून पाहावी. O=O असे लिहिले की दोन अणूंमध्ये दोन बंध, म्हणजे चार इलेक्ट्रॉन, आणि प्रत्येक अणूवर दोन एकाकी जोड्या, म्हणजे आणखी आठ इलेक्ट्रॉन होतात. संयुजा कवचातले बाराही इलेक्ट्रॉन जोडीने बसले. अयुग्मित एकही उरला नाही. या चित्राप्रमाणे ऑक्सिजन प्रतिचुंबकीय असायला हवा. कुणी म्हणेल की मग एकच बंध काढू आणि प्रत्येक अणूवर एकेक इलेक्ट्रॉन सुटा ठेवू. तसे केले तर समचुंबकत्व मिळते, पण बंध एकेरी होतो. प्रत्यक्षात O₂ मधील बंधाची लांबी 121 पिकोमीटर आहे, तर हायड्रोजन पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन-ऑक्सिजन एकेरी बंध त्याहून बराच लांब, सुमारे 147 पिकोमीटर आहे. ऑक्सिजनमधला बंध तोडायला लागणारी ऊर्जाही प्रति मोल 498 किलोजूल इतकी मोठी आहे. म्हणजे बंध दुहेरीच आहे आणि दोन इलेक्ट्रॉन सुटेही आहेत. या दोन गोष्टी लुईसच्या साध्या चित्रात एकत्र नांदत नाहीत, आणि रेणू-कक्षक सिद्धांत त्या दोन्ही एकाच भरणीतून देतो. जॉन लेनर्ड-जोन्स यांनी 1929 मध्ये हे स्पष्टीकरण मांडले, आणि त्यामुळे या सिद्धांताला मोठे बळ मिळाले.

एक खुलासा येथे करावासा वाटतो. «संयुजा बंध सिद्धांत ऑक्सिजनचे समचुंबकत्व स्पष्ट करूच शकत नाही» असे अनेक विद्यार्थी ठोकून लिहितात. हे विधान जरा अतिरेकी आहे. लायनस पॉलिंग यांनी 1931 मध्ये त्याच सिद्धांताच्या चौकटीत तीन इलेक्ट्रॉनांच्या बंधाची कल्पना मांडून ऑक्सिजनचे दोन सुटे इलेक्ट्रॉन दाखवले होते. परीक्षेच्या उत्तरात इतकेच लिहावे की लुईसच्या साध्या रचनेत सर्व इलेक्ट्रॉन जोडीने दिसतात. तेवढे निर्विवाद खरे आहे.

आता मूळ भरणीकडे येऊ. दोन ऑक्सिजन अणू जवळ आले की त्यांचे अणुकक्षक एकमेकांत मिसळून रेणू-कक्षक तयार होतात. जितके अणुकक्षक मिसळतात तितकेच रेणू-कक्षक मिळतात; त्यांपैकी निम्मे मूळ अणुकक्षकांपेक्षा कमी ऊर्जेचे, म्हणजे बंधकारी, आणि निम्मे अधिक ऊर्जेचे, म्हणजे बंधविरोधी असतात. बंधविरोधी कक्षकाच्या नावावर तारा लावतात. दोन्ही अणूंना जोडणारी रेषा z अक्ष मानली, तर दोन 2pz कक्षक समोरासमोर येऊन σ2pz आणि σ*2pz देतात, तर 2px आणि 2py कक्षक बाजूबाजूने मिसळून दोन π आणि दोन π* कक्षक देतात. ही अक्षाची निवड एकदा लिहून टाकावी, कारण वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळी निवड असते आणि घाईत काही विद्यार्थी σ2px लिहून त्याच ओळीत पुढे π2px सुद्धा लिहितात. एकच कक्षक σ आणि π अशा दोन्ही ठिकाणी वापरला की परीक्षकाला पाठांतराचा संशय येतो, आणि तो रास्तच असतो.

16 इलेक्ट्रॉन खालून वर भरत गेलो की रचना अशी होते:

(σ1s)² (σ*1s)² (σ2s)² (σ*2s)² (σ2pz)² (π2px)² (π2py)² (π*2px)¹ (π*2py)¹

यातले पहिले 14 इलेक्ट्रॉन π2p पर्यंतचे सर्व कक्षक भरून टाकतात आणि ते सगळे जोडीने बसतात. नायट्रोजनची गोष्ट येथेच संपते: त्याच्याकडे एकूण 14 इलेक्ट्रॉन आहेत, म्हणून त्याचा एकही इलेक्ट्रॉन सुटा राहत नाही. ऑक्सिजनकडे मात्र आणखी दोन आहेत, आणि या दोघांचे काय होते हाच या प्रश्नाचा गाभा आहे.

पुढची रिकामी पातळी π* ची आहे आणि त्या पातळीवर एक नव्हे तर दोन कक्षक आहेत, π*2px आणि π*2py, ज्यांची ऊर्जा अगदी सारखी आहे. ती सारखी का असते, हे पाठ करण्याची गरज नाही. z अक्षाभोवती रेणू 90 अंशांनी फिरवला तर x दिशेचा कक्षक y दिशेला येतो, पण रेणू जसा होता तसाच दिसतो. ज्या दोन कक्षकांमध्ये दिशेखेरीज काहीच फरक नाही आणि रेणूच्या दृष्टीने त्या दोन दिशाही एकसारख्याच आहेत, त्यांची ऊर्जा वेगळी असायला कारणच नाही. अशा समऊर्जी कक्षकांमध्ये दोन इलेक्ट्रॉन भरायचे असतील तर हुंड यांच्या नियमानुसार ते एकाच कक्षकात जोडीने न बसता दोन वेगवेगळ्या कक्षकांत आणि समांतर स्पिनने बसतात. तसे बसल्याने ते एकमेकांपासून दूर राहतात आणि त्यांच्यातील प्रतिकर्षण कमी होते. हे नुसते सोयीसाठी मानलेले नाही: हेच दोन इलेक्ट्रॉन जोडीने, म्हणजे विरुद्ध स्पिनने असलेली ऑक्सिजनची अवस्थाही असते, आणि ती मूळ अवस्थेपेक्षा प्रति मोल सुमारे 94 किलोजूलने वर असते.

त्या विद्यार्थिनीने हुंड यांचा नियम वापरला होता, पण अणूच्या 2p कक्षकांना लावला होता. नियम तोच ठेवून फक्त त्याची जागा बदलायची होती. तिच्या उत्तरातला दोष शोधायला मला एक मिनिट लागले आणि तिला तो पटवून द्यायला दहा, कारण «हुंड» हा शब्द लिहिला म्हणजे गुण मिळणारच अशी तिची समजूत होती. मी तिला आकृतीत π* च्या दोन चौकटी काढायला सांगितल्या आणि विचारले, «हे दोन इलेक्ट्रॉन कोणत्या अणूचे आहेत?» थोडा विचार करून ती म्हणाली, «कोणाच्याच नाही, दोघांचे मिळून आहेत.» एवढे वाक्य तिच्या उत्तरात असते तर बाकी चुका मी खुशाल माफ केल्या असत्या.

येथे आणखी दोन चुका नजरेत ठेवाव्यात, कारण त्या वारंवार दिसतात. पहिली म्हणजे (π*2px)² असे लिहून शेवटी मात्र «दोन अयुग्मित इलेक्ट्रॉन» असे लिहिणे. हे उत्तर स्वतःच स्वतःला खोडते. दुसरी म्हणजे बंधक्रमालाच कारण बनवणे: «बंधक्रम 2 आहे, म्हणून समचुंबकीय.» बंधक्रमाचा आणि समचुंबकत्वाचा असा थेट संबंध नाही. बंधकारी कक्षकांतले 10 इलेक्ट्रॉन आणि बंधविरोधी कक्षकांतले 6 यांच्या वजाबाकीची निम्मी म्हणजे 2 येते. ती बंध दुहेरी असल्याचे सांगते, चुंबकाविषयी काहीच सांगत नाही. उत्तरात बंधक्रम लिहावा, पण तो भरणी तपासण्यासाठी आणि दुहेरी बंध अबाधित असल्याचे दाखवण्यासाठी.

उलट एक गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी परीक्षकाने फार काटेकोर होऊ नये. नायट्रोजनपर्यंतच्या रेणूंमध्ये π2p ची पातळी σ2pz च्या खाली असते, तर ऑक्सिजनमध्ये ती वर असते. एखाद्याने हा क्रम उलटा लिहिला तर तो चुकीचा आहे हे सांगावे, पण ऑक्सिजनमध्ये या दोन्ही पातळ्या पूर्ण भरलेल्या असतात, त्यामुळे त्यांचा आपसातला क्रम काहीही धरला तरी सुटे इलेक्ट्रॉन π* मध्येच राहतात आणि निष्कर्ष बदलत नाही. बोरॉनच्या रेणूसाठी मात्र हाच क्रम निर्णायक ठरतो.

दोन अयुग्मित इलेक्ट्रॉनांचा आकडा खरा आहे की नाही, हे मोजून पाहता येते. केवळ स्पिनमुळे येणारा चुंबकीय आघूर्ण √(n(n+2)) या सूत्राने मिळतो, आणि n = 2 धरले तर तो √8, म्हणजे 2.83 बोर मॅग्नेटॉन इतका येतो. सामान्य तापमानाला ऑक्सिजन वायूवर मोजलेले मूल्य याच्या अगदी जवळ येते. गुण थोडे असतील तर हे सूत्र लिहिण्याची गरज नाही, पण चार किंवा पाच गुणांच्या प्रश्नात ते जरूर लिहावे.

एवढे बोलून झाल्यावर तिने तेच उत्तर पुन्हा लिहिले. मी फक्त दोन शब्द बदलले आणि ते असे झाले:

«O₂ मध्ये 16 इलेक्ट्रॉन असतात. z हा बंधाचा अक्ष मानल्यास रेणू-कक्षकांतील भरणी अशी होते: KK (σ2s)² (σ*2s)² (σ2pz)² (π2px)² (π2py)² (π*2px)¹ (π*2py)¹. पहिले 14 इलेक्ट्रॉन जोडीने बसतात. उरलेल्या दोन इलेक्ट्रॉनांसाठी π*2px व π*2py हे समान ऊर्जेचे दोन बंधविरोधी कक्षक उपलब्ध असल्यामुळे हुंड यांच्या नियमानुसार ते प्रत्येकी एका कक्षकात समांतर स्पिनने राहतात. रेणूत दोन अयुग्मित इलेक्ट्रॉन असल्यामुळे O₂ समचुंबकीय असतो. बंधक्रम (10 − 6)/2 = 2 असल्याने दुहेरी बंधही कायम राहतो; लुईस रचनेतून मात्र हे समचुंबकत्व दिसत नाही.»

यात KK म्हणजे आतल्या 1s कवचांतून आलेले चार इलेक्ट्रॉन. हे उत्तर पहिल्यापेक्षा फारसे लांब नाही. अणूची इलेक्ट्रॉन रचना त्यातून पूर्णपणे गेली, कारण तिची गरजच नव्हती, आणि तिच्या जागी «समान ऊर्जेचे दोन बंधविरोधी कक्षक» हे शब्द आले. तीनपैकी निदान दीड गुण मी याच शब्दांसाठी राखून ठेवते.

निघण्यापूर्वी मी तिला एकच प्रश्न विचारला: ऑक्सिजनला दोन इलेक्ट्रॉन आणखी देऊन O₂²⁻ हा पेरॉक्साइड आयन केला, तर तो समचुंबकीय असेल का? जुन्या सवयीने ती «ऑक्सिजनचा अणू…» असे म्हणाली आणि मध्येच थांबली. मग तिने π* च्या दोन चौकटींत एकेक बाण आणखी काढला, दोन्ही चौकटी भरल्याचे मला दाखवले, आणि म्हणाली की आता अयुग्मित इलेक्ट्रॉन एकही नाही, म्हणून हा आयन प्रतिचुंबकीय. शिवाय बंधविरोधी कक्षकांत आठ इलेक्ट्रॉन झाल्यामुळे बंधक्रम (10 − 8)/2, म्हणजे 1 होईल आणि बंध लांबेल. पेरॉक्साइडमधला बंध ऑक्सिजनपेक्षा खरोखरच लांब असतो, हे मग मी तिला सांगितले.